परत पाठवलं की आतच घेतलं नाही?

कोविडच्या दुसऱ्या लाटेत हायवेच्या नाक्यावर आरटी-पीसीआर रिपोर्ट नाही म्हणून कोल्हापूरकडून येणाऱ्या गाड्या परत फिरवायचे, आठवत असेल. आमचे मामा असेच परत गेले आणि फोनवर म्हणाले, "मला हाकललं नाही रे, आतच घेतलं नाही." मामांना नुसता हेलपाटा पडला, पण निर्वासितांच्या कायद्यात याच फरकावर माणसांचे जीव अडकलेत.

1939 च्या मे महिन्यात हॅम्बुर्गहून सेंट लुइस नावाचं जहाज निघालं, त्यात नऊशेच्या वर लोक, जवळपास सगळे ज्यू. क्यूबानं मोजके सोडून कुणाला उतरू दिलं नाही, अमेरिकेनं पण नाही, शेवटी जहाज युरोपला परत आलं आणि चार देशांनी लोक वाटून घेतले. पुढं त्यातल्या तीन देशांत हिटलरच घुसला आणि 254 जण मारले गेले. आता यातल्या कुणालाच कुठल्या देशानं "बाहेर काढलं" नव्हतं बघा.

मग 1951 चा निर्वासितांबद्दलचा जिनिव्हा करार आला. त्याचं कलम 33 म्हणतं की धर्म, वंश, राजकीय मत अशा कारणानं जिथं माणसाच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथल्या हद्दीवर त्याला कुठल्याही प्रकारे परत पाठवायचं नाही. गंमत अशी की इंग्रजी मसुद्यातही "परत पाठवणे"च्या पुढं कंसात रफूले हा फ्रेंच शब्द ठेवलाय, त्यावरूनच या परत न पाठवण्याच्या नियमाला नॉन-रिफाउलमेंट म्हणतात. पण मसुद्याच्या वेळीच स्वित्झर्लंडचा प्रतिनिधी म्हणाला की हे फक्त आत आलेल्यांसाठी, आणि नेदरलँडनं तसा अर्थ नोंदवून घेतला, कारण एकदम लोंढा आला तर काय ही भीती.

ती नोंद चाळीसेक वर्षांनी कामाला आली. हैतीतून बोटीनं निघालेल्यांना अमेरिकेचं कोस्टगार्ड भर समुद्रातून परत न्यायचं, आणि 1993 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं 8 विरुद्ध 1 असं ठरवलं की हद्दीबाहेर कलम 33 लागूच नाही. मला तरी हा निकाल शब्दाला धरून माणूस सोडणारा वाटतो. युरोपच्या मानवी हक्क कोर्टानं 2012 मध्ये उलटं सांगितलं. इटलीनं लॅम्पेडुसाच्या दक्षिणेला समुद्रात सोमाली आणि एरिट्रियन लोक आपल्या जहाजावर घेऊन लिबियाला नेऊन सोडले होते, कोर्ट म्हणालं की जहाजावर ताबा तुमचा तर जबाबदारी पण तुमची, समुद्र असला म्हणून काय झालं.

भारतानं हा करार सहीच केलेला नाही. कर्नाटकातल्या मुंडगोडचे तिबेटी साठच्या दशकापासून आहेत ते सरकारच्या धोरणावर आणि रजिस्ट्रेशनच्या कागदावर. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टानं पूर्व पाकिस्तानातून आलेल्या, अरुणाचलमधल्या चकमा लोकांना राज्यघटनेच्या कलम 21 खाली, म्हणजे जगण्याच्या हक्काखाली, संरक्षण दिलं, पण 2021 मध्ये रोहिंग्यांच्या केसमध्ये म्हटलं की कलम 21 परदेशी माणसालाही आहे, मात्र डिपोर्ट न होण्याचा हक्क देशात राहण्याच्या हक्काला जोडलेला आणि तो फक्त नागरिकाचा, म्हणून रीतसर प्रोसिजर पाळून पाठवता येतं.