फोनला जोडताच तापमान दोन अंशांनी का चढले?

एका परिचित शेतकऱ्याच्या कांदाचाळीत, कांद्याच्या थरांच्या आत उष्णता किती साठते हे पाहण्यासाठी मी एक लहानसे यंत्र जुळवले होते. एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर, आर्डुइनो प्रो मिनी हा बोटभर लांबीचा बोर्ड आणि त्याला यूएसबीशी जोडणारा सीरियल अडॅप्टर, एवढेच त्याचे भाग होते. घरी टेबलावर लॅपटॉपला जोडून पाहिले तेव्हा आकडा २९.८ अंश सेल्सिअस आला आणि शेजारी ठेवलेला साधा तापमापक ३० दाखवत होता, त्यामुळे मी निश्चिंत झालो. चाळीत लॅपटॉप नेणे सोयीचे नसल्याने तीच जोडणी ओटीजी केबलने फोनला लावली. टेबल तेच, सेन्सर तोच, बोर्डातला प्रोग्रॅमही तोच. आकडा मात्र ३१.७. फोन तर केवळ आलेले अंक दाखवतो, मग तापमान कसे चढले?

त्याचे उत्तर ओटीजी जोडणी काय करते यातच दडलेले आहे. यूएसबीच्या व्यवहारात एक बाजू यजमान असते आणि दुसरी पाहुणी. यजमान वीज पुरवतो आणि बोलण्याची सुरुवातही तोच करतो. लॅपटॉपला लावलेला फोन पाहुणा असतो. सेन्सरचे आकडे घेण्यासाठी मात्र त्याला यजमान व्हावे लागते. जुन्या मायक्रो-यूएसबी फोनमध्ये ही सूचना पाच पिनांपैकी ओळख पिनेमार्फत मिळते: ओटीजी केबलमध्ये ती पिन ग्राउंडला जोडलेली असते, साध्या केबलमध्ये मोकळी असते. टाइप-सी फोनमध्ये हेच काम एक रोधक करतो. ओटीजी जोडाच्या आत ५.१ किलोओहमचा रोधक ग्राउंडकडे लावलेला असतो आणि तो दिसला की फोन पाहुणचाराची जबाबदारी स्वतःकडे घेऊन ५ व्होल्टचा पुरवठा सुरू करतो. हे ५ व्होल्ट फोनच्या बॅटरीत नसतात. बॅटरी सुमारे ३.७ व्होल्टची असते आणि तिचे व्होल्टेज फोनमधले एक मंडल वर चढवून देते. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

प्रो मिनीवर यूएसबीचे तोंडच नसते. त्यावरची एटीमेगा३२८पी ही चिप एका तारेवरून एकामागून एक बिट सोडते, म्हणजे सीरियल पद्धतीने बोलते. अडॅप्टरवरची चिप (बाजारात बहुधा सीएच३४०, सीपी२१०२ किंवा एफटी२३२ यांपैकी एक असते) हे बिट गोळा करून यूएसबीच्या भाषेत पुढे पाठवते. लॅपटॉपवर या चिपचा ड्रायव्हर कार्यप्रणाली सांभाळते. अँड्रॉइडमध्ये साध्या अ‍ॅपला सीरियल पोर्ट थेट उघडता येत नाही. अँड्रॉइड ३.१ पासून अ‍ॅपला यूएसबी उपकरणाशी परवानगी घेऊन बोलता येते, त्यामुळे `Serial USB Terminal` सारखी अ‍ॅप या चिपचा ड्रायव्हर स्वतःच्या पोटात बाळगतात. जोडल्यावर फोन परवानगी विचारतो ती याचसाठी. उपकरणांच्या यादीत `1A86:7523` असा क्रमांक दिसला, तर समोर सीएच३४० आहे असे समजावे.

जोडणीत चार तारा महत्त्वाच्या आहेत. अडॅप्टरची ५ व्होल्टची तार बोर्डाच्या व्हीसीसीला आणि ग्राउंड ग्राउंडला जाते. बोर्डाची टीएक्स पिन अडॅप्टरच्या आरएक्सला व बोर्डाची आरएक्स अडॅप्टरच्या टीएक्सला जाते, कारण एकाने बोललेले दुसऱ्याने ऐकायचे असते. सेन्सरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावा पाय वीजपुरवठ्याचा, मधला सिग्नलचा आणि उजवा ग्राउंडचा असतो. तो उलटा लागला तर बोटाला चटका बसेल इतका तापतो. ही खूण मला फार लवकर कळली.

फोनवर काहीच आले नाही, तर कोणत्या टप्प्यावर गाडी अडली ते ओळखण्याचा क्रम सोपा आहे. अडॅप्टरचा दिवा लागलाच नाही, तर फोन यजमान झालेला नाही. अशा वेळी केबल ओटीजीची नसते किंवा सेटिंगमधले ओटीजीचे बटण बंद असते; काही फोनमध्ये वापर नसला की ते आपोआप बंदही होते. दिवा लागला पण परवानगीची चौकट आली नाही, तर बहुधा केबलमध्ये केवळ विजेच्या तारा असतात, माहितीच्या नसतात. पोर्ट उघडला आणि तरीही पडदा कोरा राहिला, तर बोर्ड काढून अडॅप्टरच्या टीएक्स व आरएक्स पिना एका तारेने एकमेकींना जोडाव्यात आणि अ‍ॅपमध्ये काही अक्षरे लिहून पाठवावीत. तीच अक्षरे परत आली, तर फोन, केबल आणि अडॅप्टर निर्दोष आहेत आणि चूक बोर्डाकडच्या तारांत आहे. या चाचणीला अर्धा मिनिट लागतो आणि ती अर्धा दिवस वाचवते.

आकड्यांऐवजी चौकोन आणि विचित्र चिन्हे आली, तर वेगाचा मेळ बसलेला नाही. या जोडणीत वेळ सांगणारी वेगळी तार नसते. दोन्ही बाजूंनी आधी ठरलेल्या वेगाने बिट मोजायचे असतात. ९६०० बॉड म्हणजे प्रत्येक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो, आणि एका अक्षरासाठी सुरुवातीचा व शेवटचा धरून १० बिट लागतात, म्हणून सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरे जातात. अ‍ॅपमध्ये वेगळा बॉड निवडला असेल तर कचरा दिसतो हे उघड आहे. पण बॉड बरोबर असूनही कचरा दिसण्याचे एक फसवे कारण असते. प्रो मिनी दोन प्रकारचा मिळतो: ५ व्होल्टचा १६ मेगाहर्ट्झवर आणि ३.३ व्होल्टचा ८ मेगाहर्ट्झवर चालतो. पहिल्यासाठी तयार केलेला प्रोग्रॅम दुसऱ्यात भरला, तर सगळे निम्म्या वेगाने चालते आणि ९६०० चे ४८०० होतात. अ‍ॅपमध्ये ४८०० निवडताच अक्षरे स्वच्छ दिसू लागली, तर रोग हाच समजावा.

आता त्या दोन अंशांकडे वळू. एलएम३५ प्रत्येक अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ३० अंशांना ३०० मिलिव्होल्ट. बोर्डातली चिप हे व्होल्टेज थेट मोजत नाही. ती त्याची एका संदर्भ व्होल्टेजशी तुलना करते आणि त्या संदर्भाचे १०२४ भाग धरून त्यांतले किती भाग भरले ते सांगते. वेगळे काही सांगितले नाही तर हा संदर्भ म्हणजे बोर्डाला मिळणारा पुरवठाच असतो. लॅपटॉपवर तो ५ व्होल्ट होता, तेव्हा ३०० मिलिव्होल्टचे ६१ भाग झाले आणि माझ्या सूत्राने ६१ चे २९.८ अंश केले. फोनला जोडल्यावर बोर्डाच्या व्हीसीसी व ग्राउंड पिनांवर मल्टिमीटर लावला, तर तो ४.७ व्होल्ट दाखवत होता. संदर्भ आखडला की प्रत्येक भाग लहान होतो, त्यामुळे त्याच ३०० मिलिव्होल्टमध्ये ६५ भाग बसले. सूत्र बिचारे संदर्भ ५ व्होल्टच आहे असे समजून चालले होते. त्याने ६५ चे ३१.७ केले. सेन्सर खरे बोलत होता, फोनही खरे बोलत होता, पट्टी तेवढी आखूड झाली होती.

मला आधी केबलचा संशय आला होता, पण तो टिकला नाही. ही जोडणी जेमतेम तीसेक मिलिअँपिअर वीज घेते आणि एवढ्या प्रवाहाला ०.३ व्होल्ट पाडायला दहा ओहमच्या आसपास रोध लागेल. चालू केबलमध्ये तो नसतो. बॅटरीचे व्होल्टेज वर चढवणाऱ्या मंडलातून हा फोनच मुळात तेवढे व्होल्टेज देत होता. त्याला दोषही देता येत नाही, कारण यूएसबीच्या नियमांत ५ व्होल्ट म्हणजे नेमके ५ कधीच नसतात, एक पट्टा असतो.

उपाय प्रोग्रॅममधल्या एका ओळीचा आहे. चिपच्या आत सुमारे १.१ व्होल्टचा स्वतंत्र संदर्भ असतो आणि बाहेरचा पुरवठा थोडा हलला तरी तो जवळजवळ हलत नाही. एलएम३५ चे ३०० मिलिव्होल्ट त्यात सहज मावतात.

```cpp
unsigned long n = 0;
void setup() {
  Serial.begin(9600);
  analogReference(INTERNAL);
}
void loop() {
  int k = analogRead(A0);
  Serial.print(n++);
  Serial.print(',');
  Serial.println(k);
  delay(2000);
}
```

आता एक भाग सुमारे अर्ध्या अंशाऐवजी अंशाच्या दहाव्या हिश्शाचा झाला, हा वरचा लाभ. मात्र "सुमारे १.१" या शब्दांतला "सुमारे" खरा आहे: चिपचिपनुसार हा संदर्भ १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणून आपल्या चिपचा आकडा एकदा काढून ठेवावा लागतो. सेन्सरच्या मधल्या पायावर मल्टिमीटर लावून मिलिव्होल्ट वाचावेत, त्याच वेळी फोनवर आलेल्या संख्येने त्यांना भागावे आणि १०२४ ने गुणावे. माझ्याकडे ३०० मिलिव्होल्टला २८४ ही संख्या आली, म्हणजे संदर्भ १०८२ मिलिव्होल्ट. त्यानंतर आलेल्या संख्येवरून हा संदर्भ धरून हिशेब केला, तर लॅपटॉप आणि फोन दोन्हींवर ३० अंशच येऊ लागले. संदर्भ बदलल्यानंतरची पहिली काही मापे विश्वासार्ह नसतात. ती सोडून द्यावीत.

प्रोग्रॅम अंश न पाठवता चिपने मोजलेली मूळ संख्याच पाठवतो, हे मी मुद्दाम केले आहे. संदर्भाचा आकडा नंतर सुधारला, तरी साठवलेली नोंद वाया जात नाही. पहिल्या स्वल्पविरामाआधीचा क्रमांकही शोभेचा नाही. अडॅप्टरची डीटीआर तार बोर्डाला जोडलेली असेल, तर अ‍ॅपने पोर्ट उघडताच बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो, कारण प्रोग्रॅम भरण्यासाठी तीच युक्ती वापरलेली असते. नोंदीत क्रमांक मध्येच शून्यावर आला, तर बोर्ड पुन्हा सुरू झाला असे लगेच कळते. प्रोग्रॅम भरून झाल्यावर ती तार काढून ठेवली की पोर्ट उघडल्याने बोर्ड अडखळत नाही. क्रमांक शून्यावर न येता मधले काही गायब असतील, तर बोर्ड चालू होता आणि फोनने ऐकणे थांबवले होते.

फोनने ऐकणे थांबवण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पडदा मालवल्यावर बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइडने अ‍ॅपला झोपवणे. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपसाठी बॅटरीबचत बंद करावी लागते. वेळेची नोंद बोर्डाकडून न घेता अ‍ॅपकडून, म्हणजे फोनच्या घड्याळावरून घ्यावी. प्रो मिनीच्या घड्याळाला ठेका देणारा सिरॅमिक रेझोनेटर अर्ध्या टक्क्याने चुकू शकतो आणि अर्धा टक्का म्हणजे दिवसाला सात मिनिटांहून अधिक. शिवाय फोनचे एकुलते एक तोंड ओटीजीने अडवलेले असल्याने साध्या केबलवर त्याच वेळी चार्जिंग होत नाही. म्हणून चाळीत मी फोन रात्रभर ठेवत नाही. बोर्डाला वेगळी वीज देऊन तो तिथेच चालू ठेवतो, अडॅप्टरची ५ व्होल्टची तार सोडवतो, म्हणजे दोन पुरवठे एकमेकांवर येत नाहीत, आणि ग्राउंड व दोन सिग्नल तारांवर सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटांची नोंद घेतो.