आवळायचं नाही, हलू द्यायचं नाही: सर्पदंशाच्या पोस्टरवरच्या दोन ओळी

पावसाळा तोंडावर आला की गावोगावी सर्पदंशाची पोस्टरं लागतात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, दूध संस्थेत, शाळेच्या व्हरांड्यात. एका कोपऱ्यात फणा काढलेला नाग, वर नेत्यांचे फोटो, खाली कुणाच्या तरी सौजन्याने. एवढ्यावर माझी तक्रार नाही. तक्रार मधल्या दोन ओळींची आहे. पहिली म्हणते, ‘चावलेल्या जागेच्या वर घट्ट पट्टी बांधा’. चार ओळी खाली दुसरी म्हणते, ‘हातपाय हलू देऊ नका, पट्टी बांधून आधार द्या’. वाचणाऱ्याला वाटतं, दोन्हींचा मतलब एकच, बांधा. मग शिवारात वेळ आली की हाताला येईल ती दोरी आवळली जाते. या दोन पट्ट्यांची कामं वेगळी आहेत, आणि त्यातली पहिली पोस्टरवर असताच कामा नये.

आवळपट्टी कुणाला नवी नाही. सुतळी, टॉवेल, साडीचा काठ, बैलाची वेसण, जे सापडेल ते गुडघ्याच्या वर करकचून. विष वर चढू नये हा हेतू. जुन्या पिढीला शाळेतही असंच सांगितलेलं असतं, त्यामुळे हा समज कुणाच्या अडाणीपणातून आलेला नाही.

पण विष चढतं कसं, हे बघायला हवं. साप चावतो तेव्हा विष बहुतेक वेळा कातडीखाली किंवा स्नायूत सुटतं, थेट मोठ्या शिरेत क्वचितच. तिथून ते बऱ्याच अंशी लसिकावाहिन्यांतून पुढे सरकतं. या बारीक नळ्यांना हृदयासारखा पंप नाही. आजूबाजूचा स्नायू आकुंचन पावला की आतला द्रव ढकलला जातो. म्हणजे चावलेल्या पायावर टाकलेलं प्रत्येक पाऊल हे हातपंपाचं एक दांडकं मारल्यासारखं आहे. पाय निवांत पडला, तर पंपच बंद. आधारपट्टी बांधायची ती एवढ्यासाठीच. तिने काहीही अडवायचं नसतं, फक्त स्नायूला काम करू द्यायचं नसतं.

आवळपट्टी अडवायला जाते आणि तिथेच फसते. धमनी खरोखर बंद पडेल इतकी ती आवळली, तर खालच्या पायाला रक्तच मिळत नाही आणि दीड-दोन तासांत स्नायू आणि नसा मरायला लागतात. घरगुती दोरी बहुधा अर्धवटच आवळली जाते, ते तर आणखी वाईट. शिरा दबतात, धमनी चालू राहते. रक्त खाली येतं, वर जाऊ शकत नाही, पाय टम्म फुगतो. आपल्या भागात ऊसात, वैरणीत सापडणारी घोणस असेल, तर तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्षमताच जाते आणि चावलेल्या जागेचं मांसही खराब होतं. ते सगळं विष आपण एका वीतभर जागेत कोंडून ठेवतो. पाय कापावा लागलेल्या माणसांत सापाचा वाटा किती आणि दोरीचा किती, हे कित्येकदा डॉक्टरांनाही वेगळं सांगता येत नाही.

आणखी एक तोटा मला सगळ्यात जास्त खुपतो, तो शरीरातला नाहीच. दोरी बांधली की घरचे निर्धास्त होतात. ‘बांधलंय की घट्ट, आता दमानं जाऊया.’ मग देवऋषी, मग गावातला औषध देणारा, मग दवाखाना. नाग किंवा मण्यारीच्या दंशात तेवढ्या वेळात श्वास अडकू शकतो.

आता आधारपट्टी प्रत्यक्षात कशी बांधायची ते एका प्रसंगावर बघू. समजा, संध्याकाळी ऊसाच्या कडेला वाडं गोळा करताना मामीला घोट्याच्या वर काहीतरी चावलं. भाचा जवळ आहे. पहिलं काम, सापापासून चार पावलं बाजूला घेऊन तिला तिथेच आडवं करणं. ‘मामी, उठू नगा, उचलून नेतो’ हे सांगावंच लागतं, कारण माणूस घाबरून घराकडे पळत सुटतो आणि पंप जोरात सुरू होतो. मग पैंजण, जोडवी, चप्पल काढायची. सूज चढल्यावर जोडवं निघत नाही आणि तेच आवळपट्टीचं काम करतं. हाताला दंश असेल तर बांगड्या, अंगठी, घड्याळ.

मग दोन सरळ काठ्या किंवा फळ्या. काहीच नसेल तर पोत्याची घट्ट गुंडाळी. मांडीपासून टाचेच्या खालपर्यंत पोचेल एवढी लांबी हवी, कारण गुडघा आणि घोटा दोन्ही सांधे अडकले तरच पाय खरा स्थिर होतो. पाय मोडलेल्या माणसाला नेताना बांधतो तसंच. काठ्या दोन्ही बाजूंना ठेवायच्या, मध्ये जागा राहिली तर कापड कोंबायचं आणि ओढणी, पंचा, उपरणं असल्या रुंद कापडाने चार ठिकाणी बांधायचं. सुतळी नको, ती रुतते. दंशाच्या जागेवर गाठ नको. काठ्या न मिळाल्यास चावलेला पाय दुसऱ्या पायाला बांधला तरी चालतं. हाताला दंश असेल तर फळी लावून, कोपरात वाकवून, हात गळ्यातल्या झोळीत.

किती घट्ट, याची खूण पोस्टरवर चित्रासह हवी आणि ती मी अजून क्वचितच पाहिली आहे. कापडाखालून एक बोट सहज सरकलं पाहिजे. शिवाय पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडायचं. ते पांढरं होऊन साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं, तर रक्त पोचतंय. नख फिकट राहिलं, बोटं गार पडली किंवा मुंग्या आल्या, तर कापड सैल करा. ही तपासणी एकदा करून भागत नाही. घोणशीच्या दंशात सूज तासाभरात चांगली वर चढते आणि सुरुवातीला सैल असलेली पट्टी वाटेतच आवळपट्टी होते. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी बोट घालून बघायचं.

इथे शेजारचा हमखास विचारणार, ‘पर कुणी आधीच दोरी आवळली असंल तर? सोडू का?’ नका सोडू. दोरी अचानक सुटली की कोंडलेलं विष एकदम रक्तात जातं, रक्तदाब कोसळू शकतो किंवा श्वास थांबू शकतो. ती दवाखान्यात, डॉक्टरांसमोर, औषधं हाताशी ठेवून सोडवतात. वाटेत ना सोडायची, ना आणखी कसायची, फक्त लवकर पोचायचं. आणि पोचल्यावर, दोरी कधी बांधली ते सांगायचं. वरची सैल करण्याची गोष्ट आपल्या आधाराच्या कापडाची आहे, या आवळलेल्या दोरीची नाही. पोस्टरवर नेमका हाच फरक कुणी लिहीत नाही.

मोबाईलवर तिसरीच एक पट्टी फिरते: पूर्ण पायाला खालून वरपर्यंत क्रेप बँडेज ताणून गुंडाळायचं. ती ऑस्ट्रेलियातली पद्धत आहे. तिथले विषारी साप बहुतेक नागाच्या कुळातले, नसांवर हल्ला करणारे. आपल्याकडे घोणस आणि फुरसं मांस खराब करतात, कुठला साप चावला हे अंधारात कळत नाही, आणि तो नेमका दाब सराव नसलेल्याला साधत नाही. घराघरातल्या पोस्टरवर ती नको.

बाकीच्या ‘करू नका’बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चिरा देणं, तोंडाने चोखणं, बर्फ, शॉक, जखम घासून धुणं, काहीच करायचं नाही. दारू नाही, पाला नाही. दुखतंय म्हणून घरातली दुखऱ्या सांध्याची गोळी द्यायची नाही, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. साप मारून पिशवीत घालून आणण्याचा हट्टही सोडा, त्यात दुसरा माणूस चावून घेतो. आपल्याकडे मिळणारं अँटीव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच आहे. लांबून फोटो निघाला तर ठीक. मंत्राने बरे होतात, त्यातले बहुतेक बिनविषारी साप चावलेले असतात किंवा विषारी सापाने कोरडा दंश केलेला असतो, म्हणजे दात लागले पण विष सोडलं नाही.

मण्यारीबद्दल मात्र पोस्टरवर स्वतंत्र चौकट हवी. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात कळ, घशाशी अडकल्यासारखं, पापण्या जड. घरचे पित्त समजून सोडा पाजतात. पावसाळ्यात असं झालं तर खूण शोधत बसू नका, उचला. पापण्या पडायला लागल्या किंवा तोंडात लाळ साठली तर डाव्या कुशीवर निजवा, काही पाजू नका.

कुठे न्यायचं? १०८ ला फोन. गाडी पाणंदीपर्यंत येणार नसेल तर रुग्णाला चादरीत किंवा खाटेवर उचलून रस्त्याला आणा. मोटारसायकलच असेल तर रुग्ण मध्ये, मागे धरून बसणारा एक, पाय खाली सोडलेला. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा ग्रामीण रुग्णालयाला वाटेतूनच फोन करून विचारा, ‘अँटीव्हेनम आहे का, डॉक्टर आहेत का’. तिथे पहिला डोस मिळाला की पुढे नेता येतं. थेट कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय, सीपीआर, गाठायचा हट्ट शाहूवाडी किंवा चंदगडच्या टोकावरून धरू नये. व्हेंटिलेटर किंवा डायलिसिस लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं की सीपीआर. दवाखान्यात गेल्या गेल्या इंजेक्शन दिलं नाही म्हणून भांडूही नका. काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि गोठतं का बघतात, शिवाय पापण्या आणि श्वास बघतात. विषाची लक्षणं असतील तरच अँटीव्हेनम देतात, कारण त्याची स्वतःची ॲलर्जी जीवघेणी ठरू शकते. लक्षणं नसली तरी २४ तास ठेवून घेतील. राहा.

पोस्टर छापणाऱ्यांना एवढंच सांगेन: ‘घट्ट बांधा’ खोडा आणि तिथे नख दाबून बघण्याचं चित्र टाका. नेत्यांच्या फोटोंतला एखादा कमी केलात, तर त्या जागेत आपल्या आरोग्य केंद्राचा फोन नंबर मोठ्या अक्षरात बसतो, रात्री बॅटरीच्या उजेडात वाचता येईल एवढा.