चौरस मॅट्रिक्सचे दोन भाग आणि मधला तो अर्धा

पाठ्यपुस्तकात हे प्रमेय दोन ओळींत संपतं. कोणतीही चौरस मॅट्रिक्स A घ्या. तिच्या ओळींचे स्तंभ केले की Aᵀ ही परिवर्त मॅट्रिक्स मिळते. मग लिहा:

A = ½(A + Aᵀ) + ½(A − Aᵀ)

पहिला भाग सममित, कारण ओळी-स्तंभ बदलले तरी तो तसाच राहतो. दुसरा विषम-सममित, कारण बदल केल्यावर त्याचं फक्त चिन्ह उलटतं. सिद्धता संपली.

इतक्या झटपट उरकल्यामुळे वाटतं, कोणीतरी एका दुपारी हे लिहून टाकलं असेल. तसं झालेलं नाही. ‘मॅट्रिक्स’ हा शब्दच सिल्व्हेस्टरने १८५० मध्ये गणितात आणला. हे दोन भाग त्याच्या आधीपासून निरनिराळ्या प्रश्नांमध्ये वावरत होते, बहुतेक वेळा एकमेकांची ओळख नसताना. त्यांचा माग काढायला एकच लहानशी मॅट्रिक्स पुरते. तिला M म्हणू:

```
M = 0  1
    0  0
```

पहिला मुक्काम संख्यासिद्धांतात. M च्या दोन्ही बाजूंना (x, y) हा सदिश लावून गुणाकार केला, म्हणजे vᵀMv काढलं, तर xy ही द्विघाती राशी मिळते. पण M मधला 1 खालच्या कोपऱ्यात हलवला तरी xy च मिळते. तो 1 अर्धा-अर्धा करून दोन्ही कोपऱ्यांत वाटला तरीही xy च. म्हणजे एकाच राशीमागे अनंत मॅट्रिक्स उभ्या असतात आणि त्यांतली सममित मात्र एकच असते. कारण असं की K विषम-सममित असेल तर vᵀKv नेहमी शून्य येतं. द्विघाती राशीला मॅट्रिक्सचा विषम-सममित भाग दिसतच नाही.

हा अर्धा खटकणारी मंडळी होती. लाग्रांजने अठराव्या शतकात ax² + bxy + cy² अशी राशी घेतली होती, b कोणताही पूर्णांक. गाउसने १८०१ च्या ‘डिस्क्विझिशनेस अरिथमेटिके’ या ग्रंथात मधला सहगुणक सम असण्याचा आग्रह धरला आणि राशी ax² + 2bxy + cy² अशी लिहिली. आजच्या भाषेत, त्याला सममित मॅट्रिक्सचे सगळे घटक पूर्णांक हवे होते. त्याची किंमतही त्याने मोजली. xy सारखी साधी राशी त्याच्या व्याख्येबाहेर राहिली, आणि 2x² + 2xy + 2y² यासारख्या राशींसाठी त्याला वेगळा वर्ग करावा लागला. दोनने भागायचं की नाही, हा वाद मॅट्रिक्सच्या जन्माआधीचा आहे तो असा.

त्याच ग्रंथात तीन चलांच्या राशीही आहेत. त्यांत सहगुणक सहा लागतात: तीन वर्गांचे आणि तीन जोडगुणाकारांचे. 3×3 सममित मॅट्रिक्सच्या अवकाशाची मिती सहा, ती हीच. तेव्हा तिला मिती म्हणत नसत, इतकंच.

विषम-सममित भाग मात्र दुसऱ्याच वाटेने आला. फाफने १८१५ मध्ये विकल समीकरणांच्या एका प्रकाराचा अभ्यास केला. त्यावर काम करताना याकोबीच्या १८२७ च्या लेखात अशी सहगुणकांची मांडणी आली, जिच्यात कर्णाच्या एका बाजूचे घटक दुसऱ्या बाजूच्या घटकांचे उलट्या चिन्हाचे असतात. विषम क्रमाच्या अशा मांडणीचा निश्चयक शून्य असतो, हेही त्याने नोंदवलं. कारण सोपं आहे. ओळी-स्तंभ बदलून निश्चयक बदलत नाही, पण इथे बदल म्हणजे प्रत्येक घटकाला −1 ने गुणणं, आणि n विषम असेल तर एकूण चिन्ह उलटतं. निश्चयक स्वतःच्याच उलट संख्येएवढा, म्हणून शून्य. ‘म्हणून शून्य’ म्हणताना आपण दोनने भागलं, हे सहज निसटतं.

हे दोन भाग शेजारी-शेजारी बसवून त्यांना अर्थ दिलेला मला सर्वात आवडतो तो स्टोक्सच्या १८४५ च्या, द्रवांच्या अंतर्गत घर्षणावरच्या लेखात. द्रवाच्या एका बिंदूभोवती वेग कसा बदलतो हे सांगायला नऊ संख्या लागतात: वेगाचे तीन घटक, प्रत्येकाचा तीन दिशांतला बदल. स्टोक्सने दाखवलं की द्रवाच्या अगदी लहान कणाची गती म्हणजे एक सरळ सरकणं, एक घन वस्तूसारखं फिरणं आणि एक ताणलं-दाबलं जाणं. सरकणं बाजूला ठेवलं की उरलेल्या नऊ संख्यांपैकी ताणाला सहा लागतात आणि फिरण्याला तीन.

आपली M इथे पुन्हा भेटते. समजा द्रव असा वाहतो की (x, y) या बिंदूवर वेग (y, 0) आहे, म्हणजे तळाशी स्थिर आणि वर जावं तसा जलद, पण सगळा उजवीकडेच. या प्रवाहात वेगाच्या बदलाची मॅट्रिक्स M च आहे. तिचे दोन भाग:

```
S = 0    1/2        K =  0    1/2
    1/2  0              -1/2  0
```

आता या प्रवाहात दोन काड्यांचा एक छोटा क्रॉस सोडा. उभ्या काडीचं वरचं टोक खालच्यापेक्षा जलद जातं, म्हणून ती उजवीकडे कलते आणि त्या क्षणी तिचा कोनीय वेग 1 असतो. आडव्या काडीच्या दोन्ही टोकांचा वेग सारखाच, ती अजिबात वळत नाही. दोघींची सरासरी ½. तोच K मधला ½. सूत्रातला अर्धा ही बीजगणिताची क्लृप्ती वाटते, पण इथे तो डोळ्यांना दिसतो: एक काडी फिरते, एक नाही, आणि द्रवाचा कण त्यांच्या मधल्या वेगाने फिरतो. उरलेला S भाग 45 अंशाच्या तिरक्या रेषेत ½ दराने ताणतो आणि तिला काटकोनात असलेल्या रेषेत तितक्याच दराने दाबतो. घर्षण फक्त S मुळे होतं. द्रवाचा कण आहे तसा नुसता फिरला तर त्याचे थर एकमेकांवर घासत नाहीत, म्हणून स्टोक्सच्या घर्षणाच्या सूत्रात K येत नाही.

इथे एक योगायोग लपलेला आहे. फिरण्याच्या तीन संख्या मिळून आपण एक सदिश बनवतो आणि त्याला अक्ष म्हणतो. हे जमतं ते n = 3 ला विषम-सममित मॅट्रिक्सची मिती नेमकी 3 आहे म्हणून. प्रतलात ती 1 असते, चार मितींत 6. १९०८ मध्ये मिंकोव्स्कीने विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे मिळून सहा घटक अवकाश-काळाच्या चार मितींत एकत्र मांडले, ते 4×4 विषम-सममित मांडणीचेच सहा घटक होते. तिथे अक्ष शोधायला जाऊ नये.

कोणत्याही n साठी या मोजणीचं मूळ ऑयलरपर्यंत जातं. लांबी न बदलणाऱ्या रूपांतरांना किती मोकळ्या संख्या लागतात, हा त्याचा प्रश्न होता. आपण तो असा सोडवू: अशा रूपांतराची मॅट्रिक्स R असेल तर RᵀR = I. डावी बाजू आपोआप सममित असते, म्हणून वरच्या-खालच्या जोडीतलं एकच समीकरण धरायचं. कर्णावरची n आणि कर्णाच्या एका बाजूची n(n−1)/2, मिळून n(n+1)/2 अटी. एकूण घटक n², म्हणून मोकळे उरतात n(n−1)/2. सममित अवकाशाची मिती अटी मोजते, विषम-सममित अवकाशाची मिती स्वातंत्र्य मोजते.

केलीने १८४६ मध्ये क्रेलच्या नियतकालिकात फ्रेंचमधून लिहिलेल्या लेखात हे स्वातंत्र्य हातात ठेवलं. विषम-सममित K घ्या, R = (I − K)(I + K)⁻¹ काढा, लांबी न बदलणारं रूपांतर तयार. आपल्याच K वर करून पाहिलं तर:

```
R = 0.6  -0.8
    0.8   0.6
```

3-4-5 चा त्रिकोण निघाला. या पद्धतीतून प्रतलातलं 180 अंशांचं भ्रमण मात्र कधीच मिळत नाही. R = −I धरलं तर I − K = −I − K येतं, म्हणजे 2I = 0. पुन्हा तो दोन.

त्या लेखात केलीने ज्या मांडणीला ‘गोश’, म्हणजे तिरपी, म्हटलं आहे, तिच्यात कर्णावरचे घटक काहीही असू शकतात. कर्णही शून्य असेल तर तिला तो ‘गोश आणि सममित’ म्हणतो. १८५८ च्या मॅट्रिक्सवरच्या प्रबंधात परिवर्त, सममित आणि विषम-सममित या कल्पना मॅट्रिक्सच्या भाषेत आल्या. आज आपण फक्त Kᵀ = −K एवढीच अट लिहितो आणि कर्ण शून्य असल्याचं त्यातून काढतो, कारण कर्णावरच्या प्रत्येक घटकासाठी k = −k, म्हणजे 2k = 0.

मिती मोजायची आजची रीत अशी. जिथे i, j या जागी 1 आणि बाकी शून्य, ती मॅट्रिक्स Eᵢⱼ. i < j साठी Eᵢⱼ + Eⱼᵢ आणि त्यांच्या जोडीला सगळ्या Eᵢᵢ, हा सममित अवकाशाचा आधार. Eᵢⱼ − Eⱼᵢ हा विषम-सममितचा. दोन्ही अवकाशांत असलेली मॅट्रिक्स स्वतःच्याच उलट असते, म्हणून शून्य. त्यामुळे विभागणी एकाच प्रकारे होते आणि मितींची बेरीज बरोबर n² भरते.

दोनने भागता येत नसेल तर हे सगळं कोसळतं. फक्त 0 आणि 1 या संख्या आहेत आणि 1 + 1 = 0 आहे असं समजा. तिथे −1 म्हणजेच 1, म्हणून सममित आणि विषम-सममित यांत फरक उरत नाही. दोन्ही अवकाश एकच होतात, 2×2 साठी मिती 3. अशा कोणत्याही दोघींची बेरीज सममितच येणार आणि M तर सममित नाही, म्हणून तिची विभागणी अशक्य. या जगातल्या द्विघाती राशींसाठी विसाव्या शतकात वेगळा सिद्धांत उभारावा लागला. १९४१ मध्ये आर्फने शोधलेली अचल राशी त्यातलीच.

तुमच्या-आमच्या हातून ही चूक होते ती संगणकावर, पूर्णांकांचा भागाकार करताना:

```python
import numpy as np
M = np.array([[0, 1], [0, 0]])
S = (M + M.T) // 2
K = (M - M.T) // 2
print(S + K)   # [[0 0] [-1 0]]
```

`//` खालच्या पूर्णांकाकडे नेतो. त्यामुळे S पूर्ण शून्य होतो, K मध्ये −1 उरतो आणि वरचा 1 गायब होतो. कोणतीही तक्रार न करता कार्यक्रम चालतो. `//` च्या जागी `/` लिहिलं की M परत मिळते. S + K ची मूळ मॅट्रिक्सशी तुलना करणारी एक ओळ खाली ठेवली की चूक लगेच पकडता येते.