पत्त्यात एक टिंब टाकलं की बिल होतं!

दिवाळीत ओळखीच्या एका मिठाईच्या दुकानात बिल अडकलं. गिऱ्हाईक चिवडा हातोहात नेणार होतं, त्यामुळे पत्ता विचारलाच नव्हता. फॉर्मवरही तो ऐच्छिक होता. 'सेव्ह' दाबलं आणि पडद्यावर उमटलं: `Object reference not set to an instance of an object.` मालकांनी मॉनिटरला लिंबू-मिरची आधीच बांधलेली होती, तिचा काही उपयोग झाला नाही. काउंटरवरच्या मुलाने पत्त्याच्या रकान्यात एक टिंब टाकलं आणि बिल झालं.

टिंबाने काम का झालं? प्रोग्रॅममध्ये ग्राहकाच्या पत्त्यातला पिन वाचणारी ही ओळ होती:

```csharp
var pin = order.Customer.Address.Pin;
```

ग्राहकाच्या नोंदीत पत्ता स्वतः नसतो. तो मेमरीत कुठे ठेवलाय, त्या जागेचा क्रमांक तेवढा असतो. पत्ता भरलाच नाही, तर त्या क्रमांकाच्या जागी ० असतो. हाच नल. टिंब टाकलं की पत्त्याचं कार्ड तयार होतं. त्यावरचा पिन कोरा असला तरी कार्ड असतं. कोरं कार्ड आणि कार्डच नसणं यांतला फरक माणसाला जाणवत नाही, यंत्राला जाणवतो.

आता गंमत बघा. समजा पिन कार्डाच्या सुरुवातीपासून १६ बाइट पुढे आहे. प्रोसेसर सरळ बेरीज करतो, ० + १६, आणि १६ क्रमांकाची जागा वाचायला जातो. पण ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीची पहिली पानं मुद्दाम कुणालाच देत नाही. विंडोजवर सुरुवातीचे ६४ किलोबाइट असे मोकळे सोडलेले असतात. तिथे हात लावला की प्रोसेसर थांबतो आणि सिस्टिमला कळवतो. हा प्रोग्रॅम ज्यावर चालतो ती डॉटनेटची यंत्रणा तो इशारा पकडून वरचा संदेश तयार करते. म्हणजे दरवेळी 'नल आहे का?' असं विचारत बसण्याचा वेळ वाचतो. भिंतीवर आपटलं की कळतंच! मला ही युक्ती फार आवडते.

नलची कल्पना संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये आणली, करायला सोपी होती म्हणून. २००९ मध्ये त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं.

प्रोग्रॅमरने दुसऱ्या दिवशी `Address?.Pin` असं लिहिलं. या प्रश्नचिन्हाचा अर्थ असा की पत्ता नसेल तर पुढे जाऊ नकोस, उत्तरही नलच दे. बिलं अडकायची थांबली. मी मात्र त्याला विचारलं, घरपोच ऑर्डरला पत्ता राहिला तर? तीही आता मुकाट सेव्ह होणार होती, आणि चूक कळणार होती ती डबे गाडीत भरल्यावर. खरं तर दुकानातून नेणाऱ्याचा पिन वाचायचंच कारण नव्हतं. घरपोच असेल तरच पत्ता बघायचा, आणि नसेल तर 'पत्ता भरा' असं सेव्ह करण्याआधीच सांगायचं. हे त्याने नंतर केलं. जुन्या नोंदींमध्ये '.' या पत्त्यावर राहणारी मंडळी मात्र अजून तशीच आहेत.