सेंपाई की सेन्सेई, त्सुंदेरे की यांदेरे? समास फोडून बघा

माझ्या भाचीने मागच्या सुट्टीत जपानी अ‍ॅनिमे मालिका बघायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या दिवशी तिचा प्रश्न आला : "मामा, सेंपाई आणि सेन्सेई म्हणजे एकच ना? दोन्ही सरच." तिची चूक स्वाभाविक होती. दोन्ही शब्द 'सेन'ने सुरू होतात, दोन्ही मान देताना वापरतात, आणि खाली येणारी इंग्रजी सबटायटल्स बरेचदा दोन्ही शब्द खुशाल गाळून तिथे नुसतं नाव लिहितात. अशा वेळी सबटायटल्सवर न विसंबता कानावर विसंबावं, आणि शाळेत समासाचा विग्रह करायचो तसा या शब्दांचा विग्रह करावा. जपानीतले हे शब्द बहुतेक सामासिकच आहेत. फोडले की गोंधळ मिटतो.

'सेन' म्हणजे आधीचा, पुढचा. 'पाई' म्हणजे सोबतच्या मंडळींपैकी एक. तेव्हा सेंपाई म्हणजे आपल्याच गोटातला, पण आपल्याआधी आत आलेला. 'सेई' म्हणजे जन्म, म्हणून सेन्सेई म्हणजे आधी जन्मलेला. आपल्याकडचा 'अग्रज' शब्द अगदी याच बांधणीचा आहे; फक्त आपण तो थोरल्या भावासाठी ठेवला आणि जपानी माणसाने तोच विचार गुरूसाठी वापरला. (उच्चाराचं म्हणाल तर 'सेंपाई' अनुस्वार देऊन लिहिलेलंच बरं. 'चंपा'मध्ये अनुस्वाराचा जसा म् होतो, तसाच इथेही होतो. 'सेन्सेई'तला शेवटचा ई मात्र बोलताना जवळजवळ नाहीसा होतो आणि 'सेन्सेऽ' असं ऐकू येतं.)

म्हणजे सेंपाई हे नातं आहे आणि सेन्सेई हे स्थान. अकरावीतल्या मुलासाठी बारावीतला मुलगा सेंपाई, पण तोच मुलगा पदवीच्या विद्यार्थ्यासाठी कोहाई, म्हणजे मागून आलेला. जगातल्या सगळ्यांसाठी सेंपाई असा कुणीच नसतो. सेन्सेई मात्र वर्गाबाहेरही सेन्सेईच राहतो. शिक्षकाला सेन्सेई म्हणतात तसं डॉक्टरला, वकिलाला, आमदार-खासदाराला आणि मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, काढणाऱ्या चित्रकारालाही म्हणतात. आपल्याकडे डॉक्टरांनाही 'सर' म्हणायची पद्धत आहेच, म्हणून हा शब्द आपल्याला चटकन कळतो. सेंपाईला नेमका मराठी शब्द नाही. 'दादा' त्याच्या जवळ जातो, पण दादा वयाने मोठा लागतो. सेंपाईला वयाची अट नाही. ऑफिसात चोविशीतली मुलगी दोन वर्षं आधी लागली असेल, तर तिशीतल्या नव्या माणसाची ती सेंपाई होते. कोल्हापूरच्या तालमीत कसं, वस्ताद वेगळा आणि आपल्याआधी लाल मातीत उतरलेला जुना पैलवान वेगळा. पहिला सेन्सेई, दुसरा सेंपाई.

हे सगळं एकाच संघात बघायचं असेल तर 'हाइक्यू!!' ही व्हॉलीबॉलची मालिका बघा. कारासुनो हायस्कूलच्या या संघाची जबाबदारी ताकेदा नावाच्या शिक्षकाकडे असते. ताकेदाला व्हॉलीबॉल अजिबात येत नाही, कधी खेळलेलाही नसतो. तरी तो 'ताकेदा-सेन्सेई'. उकाईला खेळ नीट कळतो, तो प्रशिक्षक म्हणून येतो, पण त्याचा रोजचा धंदा दुकान चालवण्याचा. तो स्वतःच ताकेदाला 'सेन्सेई' म्हणतो. म्हणजे या शब्दासाठी कौशल्य मोजत नाहीत, पद बघतात.

त्याच संघात पहिल्या वर्षाचा हिनाता आणि दुसऱ्या वर्षाचा निशिनोया आहेत. निशिनोया हिनाताहूनही बुटका. हिनाता त्याला पहिल्यांदा 'सेंपाई' म्हणतो तेव्हा निशिनोयाच्या अंगातून वीज गेल्यासारखं होतं, तो हरखून जातो आणि सरावानंतर तुला आइस्कँडी खाऊ घालतो असं तिथल्या तिथे जाहीर करतो. नव्या प्रेक्षकाला हा नुसता विनोद वाटतो. पण त्यात सेंपाईपणाचा व्यवहार अख्खा आला आहे : धाकट्याने मान द्यायचा, थोरल्याने सांभाळून घ्यायचं आणि वर बिलही भरायचं. उलट बाजूने हाक मात्र तशी जात नाही. सेंपाई धाकट्याला 'कोहाई' अशी हाक मारत नाही, आडनावाने किंवा नावानेच बोलावतो. अ‍ॅनिमेत एखादी मुलगी 'सेंपाई' म्हणून लाजताना दिसते, त्यावरून बऱ्याच जणांना त्या शब्दाचा अर्थ 'प्रियकर' वाटतो. तसं काही नाही. शाळेच्या गोष्टीत मन बसतं ते वरच्या वर्गातल्या मुलावर, इतकंच.

आता दुसरी जोडी. इथे घोटाळा जास्त होतो, कारण या वेळी शेपूट सारखं आहे : त्सुंदेरे आणि यांदेरे.

यातला 'देरे' आला 'देरेदेरे'वरून. जपानीत असे जोडशब्द पोत्याने आहेत, आणि मराठी माणसाला त्यांची गंमत समजावून सांगावी लागत नाही, कारण आपणही दिवसभर तणतण, कुरकुर, धुसफूस यांवरच जगतो. देरेदेरे म्हणजे प्रेमाने विरघळून लाडेलाडे वागणं. 'त्सुनत्सुन' म्हणजे फणकारा, तुटक बोलणं, मान फिरवून बसणं. दोन्ही जोडले की त्सुंदेरे : वरून तणतण, आतून लोणी. (इथे मराठीचा एक फायदा सांगून टाकतो. 'त्सु' म्हणताना अडखळू नका. 'चूल' आणि 'चूक' म्हणताना आपण जो च काढतो, तो जवळपास तोच आहे.)

'यांदेरे'तला 'यान' मात्र वेगळ्या घरचा. तो 'यामु', म्हणजे आजारी पडणं, या क्रियापदातून आलेला आहे. इथे आजार मनाचा. प्रेम इतकं डोक्यात गेलेलं की ते धोकादायक झालेलं.

नवा प्रेक्षक चुकतो तो असा : मुलगी ओरडते, मारते, दारं आपटते म्हणजे यांदेरे, आणि गोड बोलते म्हणजे नुसतीच प्रेमळ. प्रत्यक्षात खूण बरोबर उलटी आहे. 'तोरादोरा!' (2008) मधली ताइगा घ्या. पहिल्याच भागात ती एक प्रेमपत्र चुकून भलत्याच मुलाच्या बॅगेत टाकते, आणि ते परत मिळवायला रात्री लाकडी तलवार घेऊन त्या र्‍युजीच्या घरात घुसते. एवढं बघून कुणीही म्हणेल, ही यांदेरे. पण पुढे काय होतं? तिला भुकेने भोवळ येते, र्‍युजी तिला फ्राइड राइस करून घालतो, आणि पाकिटात पत्र नव्हतंच हेही तिला कळतं. तलवार आली होती ती फजिती लपवायला. प्रेमाशी तिचा संबंध नव्हता. मालिकाभर ताइगा जिच्यावर जीव आहे त्या माणसावरच जास्त डाफरते, आणि बाहेरच्यांसमोर त्याच्याविषयी कुणी वाकडं बोललं तर पेटते. हे त्सुंदेरे.

तिच्या शेजारी 'मिराई निक्की' (2011) मधली गासाई युनो ठेवा. युकितेरू या मुलाशी ती सुरुवातीपासून अतिशय गोड वागते. तिच्याकडे एक डायरी असते, आणि तिच्यात दर दहा मिनिटांनी फक्त युकितेरू काय करतो आहे एवढंच लिहिलेलं असतं. त्याच्यावर तिचा आवाज क्वचितच चढतो. कुऱ्हाड चालते ती इतरांवर, आणि त्याच्यासाठीच. थोडक्यात, राग कुणावर निघतो ते बघायचं. ज्याच्यावर जीव त्याच्यावरच फणकारा निघत असेल तर त्सुंदेरे. त्याच्याशी साखर आणि वाटेत आलेल्या बाकीच्यांवर संकट, तर यांदेरे. पहिल्या प्रकारात नायक लाजतो, दुसऱ्यात प्रेक्षकाने घाबरायचं असतं.

त्सुंदेरे कानानेही ओळखता येते. डब्याचं झाकण पुढे सरकवत, मान दुसरीकडे वळवून ती 'बेत्सु नि...' अशी सुरुवात करते. भावार्थ असा : "तुझ्यासाठी नाही हं केलंय, जास्त झालं होतं म्हणून आणलंय." हे वाक्य घराघरात वेगळ्या रूपात ऐकलेलं असेल. शब्दाचा अर्थ थोडा सरकलाही आहे. आधी त्याचा रोख काळावर होता : गोष्टीच्या सुरुवातीला तुसडी असलेली मुलगी शेवटी मऊ होते. आता बहुतेक जण प्रसंगावरून वापरतात : चारचौघांत तणतण, एकांतात गोडवा. आणि हे मुलींपुरतं नाही. 'ड्रॅगन बॉल'मधल्या वेजिटाला त्याचे चाहते चिडवत त्सुंदेरेच म्हणतात.

शेवटचा शब्द इसेकाई, हे गोष्टींच्या एका प्रकाराचं नाव. त्याची गाठ एका ओळीत सुटते. 'इ' म्हणजे वेगळं, 'सेकाई' म्हणजे जग. हा सेकाई आपल्याला अगदी परका नाही. बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना संस्कृत 'लोकधातु'साठी जो शब्द घडवला गेला, तोच पुढे जपानीत 'सेकाई' झाला. इसेकाई म्हणजे परलोक नव्हे, दुसरा लोक.

लोक चुकतात ते इथे : ड्रॅगन दिसले, तलवारी दिसल्या, जादू दिसली की 'इसेकाई' म्हणून मोकळे. 'फ्रिएरेन'मध्ये जादूगार आहेत, राक्षस आहेत, पण ती इसेकाई नाही, कारण तिथला प्रत्येक जण तिथलाच आहे. इसेकाईला आपल्या जगातून तिथे गेलेला माणूस लागतो. 'री:झीरो'चा सुबारू दुकानातून बाहेर पडता पडता भलत्याच जगात उभा राहतो, ही एक वाट. दुसरी वाट मरून जन्म घ्यायची, तिचं नाव 'तेन्सेई', आणि तिच्यातला 'सेई' तोच, सेन्सेईतला, जन्माचा. 'स्लाइम'च्या मालिकेत 37 वर्षांचा नोकरदार चाकूच्या वाराने मरतो आणि पुढच्या जन्मी बुळबुळीत गोळा होऊन जागा होतो. अशा गोष्टींत ट्रकखाली येऊन मरणं इतकं ठरलेलं झालं की चाहत्यांनी मुलांच्या नावाला लावतात तो 'कुन' जोडून त्या ट्रकला लाडाने 'ट्रक-कुन' असं नाव ठेवलं. 'कोनोसुबा'ने त्याचीच टर उडवली : काझुमा एका मुलीला ट्रकखालून वाचवतो असं समजून धक्क्याने मरतो, आणि वर गेल्यावर देवी हसत हसत सांगते, अरे, तो संथ चाललेला ट्रॅक्टर होता.