परिचारिका दिनाच्या भाषणामागे: रात्रपाळी, विद्यार्थी आणि मामा-मावशी

परिचारिका दिनाच्या भाषणात गेल्या काही वर्षांपासून तीन गटांचा उल्लेख आवर्जून होऊ लागला आहे: रात्रपाळी करणारे, शिकणारे आणि वॉर्डातले सहायक कर्मचारी. १२ मे ही तारीख १९७४ पासून ठरलेली आहे आणि ती फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस म्हणून निवडली, हे श्रोत्यांना पाठच असते. त्या तारखेच्या भाषणात हे तिघे कधी आणि कोणत्या वाटेने आले, त्याची ही पार्श्वभूमी.

सुरुवात दिव्यापासून करावी लागते, कारण कार्यक्रमात पेटतो तो दिवा मुळात रात्रपाळीचाच आहे. १८५५ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयाचे जे वर्णन छापून आले, त्यात डॉक्टर झोपायला गेल्यानंतर हातात छोटा दिवा घेऊन रांगांमधून एकटी फिरणारी बाई, म्हणजे नाइटिंगेल, आहे. चित्रकारांनी पुढे त्या हातात तेलाची पणती दिली आणि आपल्याकडच्या बिल्ल्यांवरही तीच उतरली. प्रत्यक्षात तो घडी होणारा तुर्की कंदील होता, आत मेणबत्ती आणि भोवती कापडाचे आवरण. वाऱ्याने विझू नये आणि झोपलेल्याच्या डोळ्यांवर उजेड पडू नये, ही त्याची सोय. म्हणजे ते रात्रीच्या फेरीचे साधन होते. आज त्याच दिव्याचा कार्यक्रम बहुतेक ठिकाणी सकाळी अकराला होतो. रात्रपाळीवाल्या तोवर ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीकडे वॉर्डाचा ताबा, देऊन घरी जाऊन झोपलेल्या असतात.

विद्यार्थ्यांचा उल्लेख त्यानंतर पाच वर्षांनी सुरू होणाऱ्या इतिहासातून येतो. १८६० मध्ये लंडनमध्ये नाइटिंगेलचे प्रशिक्षण विद्यालय निघाले आणि शिकणाऱ्या मुलींना राहणे, जेवण व थोडा भत्ता देऊन वॉर्डात काम करवण्याची पद्धत रुळली. ती पद्धत भारतात जशीच्या तशी आली. रुग्णालयाला स्वस्तात हात मिळत आणि मुलींना फुकट शिक्षण, असा तो व्यवहार होता. १९४६ च्या आरोग्य समितीने देशात सुमारे ७,००० परिचारिका, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक, असा हिशेब मांडला. इतक्या तुटवड्यात विद्यार्थिनींच्या हातांवरच रात्री निघाल्या यात नवल नाही.

नंतर तत्त्व बदलले. विद्यार्थी हे शिकण्यासाठी वॉर्डात असतात, त्यांना मनुष्यबळात मोजायचे नाही आणि त्यांच्यावर नोंदणीकृत परिचारिकेची देखरेख हवी. म्हणूनच भाषणातले एक नेहमीचे वाक्य नीट तपासून घ्यावे: ‘आमच्या मुलींनी रात्री एकटीने वॉर्ड सांभाळला.’ बोलणाऱ्याला ते कौतुक वाटते, पण त्याचा अर्थ असा होतो की त्या रात्री इंजेक्शन देणारी व्यक्ती अजून नोंदणीकृत नव्हती आणि शेजारी कोणी नव्हते. चुकीचा डोस गेला असता तर जबाबदारी कोणाची, याला तेव्हा उत्तर नव्हते. विद्यार्थ्यांचे कौतुक करायचे तर त्यांनी शिकलेल्या कामाचे करावे: दर तासाला लघवीचे माप लिहिणे, तापाचा आलेख न चुकवणे, रुग्ण गुंगीत जातोय हे ओळखून लगेच सिस्टरना उठवणे.

आता शब्दांचा गुंता. भाषण लिहिणारे सगळ्यात जास्त इथेच अडखळतात. बाहेरच्यांसाठी सगळ्याच ‘सिस्टर’. सरकारी कागदावर मात्र पायऱ्या आहेत. वॉर्डात काम करते ती अधिपरिचारिका, वॉर्डाची प्रमुख परिसेविका, शिकवणारी पाठ्यनिर्देशिका, वर अधिसेविका, जिला जुनी माणसे अजून मेट्रन म्हणतात. गावपातळीवर काम करते ती आरोग्य सेविका. ती प्रसूती आणि लसीकरण करते, तरी शहरातल्या रुग्णालयाच्या भाषणात तिचे नाव क्वचितच येते. मुलगे या क्षेत्रात आले तेव्हा ‘ब्रदर’ हा शब्द लगेच रुळला, पण ‘सर्व परिचारिका भगिनींनो’ हे संबोधन काही बदलले नाही. २०१६ मध्ये केंद्राने आपल्या रुग्णालयांत ‘स्टाफ नर्स’ऐवजी ‘नर्सिंग ऑफिसर’ हे पदनाम आणले. तेव्हापासून राज्यातही परिचर्या अधिकारी म्हणावे की अधिपरिचारिका, हा प्रश्न सभांमधून निघत राहतो. सभागृहात दोन्ही बाजूंची माणसे बसलेली असल्याने निवेदकाने कोणता शब्द उच्चारला हे लक्षात ठेवले जाते.

याहून अवघड शब्द खालच्या पायरीवरचे आहेत. कागदावर कक्षसेवक, सफाई कामगार, आया. एकत्रित नाव पूर्वी ‘चतुर्थश्रेणी’ होते, आता ‘गट ड’. तोंडी मात्र ‘मामा’ आणि ‘मावशी’. त्यात जिल्हा परिषदेत ‘परिचर’ म्हणजे शिपाई, त्यामुळे ‘परिचर बांधव’ म्हटले की कोणाला उद्देशून म्हटले तेच कळत नाही. ‘सपोर्ट स्टाफ’ किंवा ‘सहायक कर्मचारी’ हा शब्द सभ्य आहे खरा, पण त्यात कंत्राटदाराच्या हजेरीपटावरची मावशी आपोआप येत नाही. तिच्या ओळखपत्रावर रुग्णालयाचे नावच नसते. ‘मामा-मावशी’ या शब्दांना काही जणांचा आक्षेप आहे. नात्याचे नाव दिले की पगाराची आणि हातमोज्यांची मागणी करणे अवघड जाते, असे ते म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. तरीही मंचावरून हाक मारताना लोक मान वळवून बघतात ते याच नावाने. आमच्या मते दोन्ही वापरावेत: कामाचे नाव आधी आणि नात्याचे नंतर. ‘कक्षसेवक, सफाई कामगार आणि आया, आपले मामा आणि मावशी’ असे म्हटले की कोणी सुटत नाही आणि परकेही वाटत नाही.

हा गट भाषणात ठळकपणे आला तो २०२० नंतर. त्या वर्षी मार्चच्या शेवटी केंद्राने करोनाचे रुग्ण हाताळणाऱ्यांसाठी ५० लाखांचे विमा संरक्षण जाहीर केले. त्या घोषणेतील यादीची सुरुवात सफाई कर्मचारी आणि वॉर्डबॉय यांनी होती. मग परिचारिका, आशा, तंत्रज्ञ आणि नंतर डॉक्टर. संसर्गाचा धोका पदाच्या उतरंडीने चालत नाही, ही गोष्ट सरकारी घोषणेत इतकी उघडपणे क्वचितच आली होती. वॉर्डातल्यांना ती आधीपासून ठाऊक होती. रात्री दोन वाजता घाईत कोणी सुई पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात न टाकता पिवळ्या पिशवीत टाकते आणि सकाळी पिशवी उचलणाऱ्या मावशीच्या मांडीला ती टोचते. मावशीला कोणत्या रुग्णाची सुई ते कळत नाही. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवे, मग ते २८ दिवस घ्यायचे असते. पण ‘उगाच बोलणी खावी लागतील’ म्हणून ती दुपारपर्यंत गप्प राहते. मंचावरून आभार मानताना हेही एका वाक्यात सांगितले तर उपयोग होतो: सुई टोचली तर दडपायचे नाही, जखम साबणपाण्याने धुऊन लगेच अपघात विभागात यायचे, आणि नोंद करण्याचा कोणालाही हक्क आहे.

रात्रपाळीचा भाग या सगळ्यात सर्वात जुना आणि सर्वात कमी बोलला गेलेला. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना रात्री कामावर ठेवायला बंदी घातली. रुग्णालये त्या कायद्यात येतच नव्हती. पुढे इतर क्षेत्रांत बंदी सैल झाली तेव्हा परवानगीसोबत अटी आल्या. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर काम करायला स्त्रीची संमती हवी आणि सुरक्षितता व घरापर्यंतची वाहतूक यांची सोय हवी. सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिकांना बंदीच कधी नव्हती, त्यामुळे अशा अटी त्यांच्यापर्यंत त्या वाटेने पोहोचल्या नाहीत.

१९७३ च्या नोव्हेंबरमध्ये परळच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलणाऱ्या परिचारिकेवर हल्ला झाला. ती सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी. हल्ल्यानंतर ती नीट शुद्धीवर आलीच नाही. सहकाऱ्यांनी तिला जवळपास ४२ वर्षे सांभाळले आणि १८ मे २०१५ ला ती गेली. तारीख परिचारिका दिनाच्या आठवड्यातच येते, म्हणून भाषणात तिचा उल्लेख हमखास होतो, तो बहुतेक वेळा सेवाभावाचे उदाहरण म्हणून. त्या वेळी मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या त्या मात्र सुरक्षिततेसाठी, हे सांगायचे राहून जाते. आणखी एक काळजी घ्यावी. हल्लेखोर सफाईचे काम करणारा होता. त्याचे पद मंचावरून उच्चारले तर त्याच सभागृहात सन्मानासाठी बसलेल्या सफाई कामगारांवर बोट दाखवल्यासारखे होते. त्याची गरज नसते.

२०१० मध्ये राज्याने आरोग्यसेवकांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड. त्याच्या व्याख्येत डॉक्टर, परिचारिका, वैद्यकीय व परिचर्या विद्यार्थी आणि निमवैद्यकीय कर्मचारी असे शब्द आहेत. म्हणजे विद्यार्थिनी तिथे स्पष्ट शब्दांत आली. मावशी ‘निमवैद्यकीय’मध्ये बसते का, हे मात्र वाद घालून ठरवावे लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात रात्रपाळीत असलेल्या शिकाऊ डॉक्टरच्या हत्येनंतर सर्वोच्च न्यायालयाने कृतिदल नेमले. विश्रांतीची खोली, उजेड, रात्रीची ये-जा हे विषय तेव्हा देशभर चर्चेला आले.

आकड्यांबद्दल शेवटचे, कारण भाषणात ‘पाच रुग्णांमागे एक परिचारिका’ हे प्रमाण बऱ्याचदा चुकीच्या अर्थाने येते. सर्वसाधारण रुग्णालयासाठी सुचवलेले ते प्रमाण पदांचे आहे, पाळीचे नाही. ६० खाटांचा वॉर्ड घ्या. पाचास एक म्हणजे १२ पदे आणि रजेसाठी ३० टक्के जादा धरली की साधारण १६. समजा सगळी भरलेली आहेत. आठवड्याच्या सुट्ट्यांत रोज दोन-तीन जणी जातात, रजेवर दोन, रात्रीनंतरची सुट्टी घेतलेली एक. उरतात दहा-अकरा. त्यातली एक प्रमुख, जी सकाळीच असते. तिच्याशिवाय सकाळी चार, दुपारी तीन लावल्या की रात्रीला दोन, फार तर तीन उरतात. दोनच असल्या तर कागद पूर्ण असतानाही एकीच्या वाट्याला ३० रुग्ण. तीन-चार पदे रिकामी असली की ती एकटीच. अनेक ठिकाणी ही पाळी बारा तासांची असते, आणि झोपेचे चक्र मोडणाऱ्या रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ पासून ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे. वाट्याच्या ३० रुग्णांपैकी एकाचा ऑक्सिजन घसरला तर बाकी २९ जणांकडे पहाटेपर्यंत जी नजर असते, ती बहुधा मावशीची किंवा विद्यार्थिनीची.

त्यामुळे काही रुग्णालयांनी कार्यक्रमाची वेळच बदलली. संध्याकाळी पावणेआठला, ओव्हर चालू असताना, वॉर्डाच्या टेबलापाशी दहा मिनिटांचे बोलणे. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही पाळ्या त्या वेळी एकत्र असतात, माईक लागत नाही आणि कोणाला झोप मोडून यावे लागत नाही. दिवा तेव्हा पेटवला जातो.