दुपारची डोकेदुखी आदल्या रात्री सुरू होते

मूल डोकं धरून बसलं की घरात तीन उत्तरं तयार असतात: चष्म्याचा नंबर लागला असेल, पित्त झालं असेल, नाहीतर कुणाची दृष्ट लागली असेल. बडोद्याच्या आमच्या शाळेत स्क्रीन, झोप आणि डोकेदुखी या विषयावर मी पालकांशी बोलले, तेव्हा ही तिन्ही सुरुवातीलाच पुढे आली. एका बाबांनी सांगितलं, "आम्ही निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेतलाय, त्यामुळे मोबाइलची काळजी मिटली." ती का मिटत नाही हे सांगण्यातच माझा बराच वेळ गेला. इथेही तेच करणार आहे.

आधी एक मुलगा पाहू, सातवीतला. त्याचं डोकं दुखायचं ते बहुधा सोमवारी किंवा मंगळवारी, तिसऱ्या-चौथ्या तासाला. कपाळ दोन्ही बाजूंनी ठणकायचं, उजेड नकोसा व्हायचा, कधी उलटी व्हायची. घरी जाऊन तासभर झोपला की खडखडीत बरा. डोळे तपासून झाले होते, नंबर नव्हता. डॉक्टरांनी मायग्रेन सांगितलं, तेव्हा आईला ते पटेना, कारण अर्धशिशीत अर्धंच डोकं दुखतं असं तिने ऐकलेलं. मोठ्यांमध्ये बऱ्याचदा तसंच होतं, पण मुलांचं मायग्रेन पुष्कळदा दोन्ही बाजूंना असतं आणि लवकर आटोपतं. म्हणूनच ते ओळखू येत नाही.

डॉक्टरांनी आईला एक वही ठेवायला सांगितली: झोपला किती वाजता, उठला किती वाजता, नाश्ता केला का, डोकं कधी दुखलं. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. शाळेच्या दिवसांत तो पावणेबाराला झोपून सहाला उठत होता, म्हणजे सव्वासहा तास झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास लागतात. शनिवारी रात्री मात्र दीड वाजता झोपून रविवारी दहाला उठायचा. आईला वाटायचं, आठवड्याची भरपाई होते आहे.

आता झोपेचा मध्यबिंदू काढा. शाळेच्या दिवशी तो तीनला आठ मिनिटं कमी असताना येतो, रविवारी पहाटे पावणेसहाला. फरक जवळजवळ तीन तासांचा. भारत आणि सौदी अरेबिया यांच्या घड्याळांत अडीच तासांचं अंतर आहे. म्हणजे हा मुलगा दर शनिवारी सौदीच्याही पलीकडच्या वेळेत राहायला जातो आणि सोमवारी पहाटे सहाला परत येतो. जर्मन शास्त्रज्ञ टिल रोएनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये याला 'सोशल जेटलॅग' असं नाव दिलं.

हे घड्याळ शरीरात खरोखरच असतं. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, काही हजार पेशींची एक जोडगोळी असते. तिची आपली लय चोवीस तासांपेक्षा थोडी मोठी असते, सरासरी दहा-बारा मिनिटांनी. त्यामुळे तिला रोज जुळवावं लागतं, आणि ते काम प्रकाश करतो. शाळेत आपण डोळ्यांतल्या दंडपेशी आणि शंकूपेशी शिकतो. 2002 च्या सुमाराला हे पक्कं झालं की दृष्टिपटलात प्रकाश ओळखणाऱ्या आणखी एका प्रकारच्या पेशी असतात. त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ते साधारण 480 नॅनोमीटरच्या, म्हणजे निळसर प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतं. चित्र पाहण्यापेक्षा बाहेर किती उजेड आहे ते घड्याळाला कळवणं हे या पेशींचं मुख्य काम. संध्याकाळी उशिरा उजेड पोहोचला की घड्याळ मागे पडतं आणि झोपेची सूचना देणारं मेलाटोनिन उशिरा वाढतं. सकाळी उजेड पोहोचला की घड्याळ पुढे सरकतं. मुलांची बाहुली मोठी आणि भिंग स्वच्छ असतं, त्यामुळे रात्रीचा तोच उजेड त्यांचं मेलाटोनिन आपल्यापेक्षा जास्त दाबतो.

इथे बडोद्याची एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावरची आहे आणि बडोदा साधारण 73.2 अंशांवर. दर अंशाला चार मिनिटं धरली, तर आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे 37 मिनिटं मागे चालतो. जानेवारीच्या मध्यावर इथे सूर्योदय सव्वासातनंतर होतो. सकाळच्या शाळेचं मूल उठतं, आवरतं, रिक्षात बसतं ते सगळं अंधारात, आणि उजाडतं तेव्हा ते वर्गात असतं. घड्याळ पुढे ओढणारा सकाळचा उजेड त्याला मिळतच नाही. मागे ढकलणारा रात्रीचा उजेड मात्र रोज मिळतो.

पण सगळा दोष स्क्रीनच्या उजेडावर टाकू नका. अमेरिकेतल्या एका प्रयोगात प्रौढांनी पाच रात्री, झोपण्याआधी चार-चार तास पूर्ण उजेडाच्या टॅब्लेटवर पुस्तक वाचलं. छापील पुस्तकाच्या मानाने त्यांचं घड्याळ दीड तास मागे गेलं, पण झोप लागायला सरासरी दहाच मिनिटं जास्त लागली. आपली मुलं झोप गमावतात ती दहा मिनिटांची नाही, तास-दीड तासाची. ती मुख्यतः अंथरुणात शिरायलाच उशीर झाल्याने जाते, कारण एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. निळा चष्मा तो थांबवत नाही. डोळ्यांचा ताण कमी होतो हा त्या चष्म्याबद्दलचा दावाही प्रयोगांत टिकलेला नाही. तेवढ्या पैशांत साधं गजराचं घड्याळ येतं आणि मग गजराच्या नावाखाली मोबाइल उशाशी ठेवावा लागत नाही.

मग डोकं का दुखतं? ते घड्याळ मेंदूच्या ज्या भागात आहे, त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. भूक, तहान, झोप तिथूनच सांभाळली जाते. मायग्रेनचा झटका येण्याआधीच, दुखणं सुरू नसताना, या भागाचं काम वाढलेलं मेंदूच्या चित्रणात दिसलं आहे. झटक्याआधी मुलं जांभया देतात, चिडचिड करतात, गोड मागतात, ते यामुळेच. ज्याला मायग्रेनची प्रवृत्ती आहे, त्याला झोप कमी झालेली सोसत नाही, आणि झोपेची वेळ एकदम सरकलेलीही सोसत नाही. सोमवारी त्या मुलाच्या वाट्याला दोन्ही येत होतं, वर रिकामं पोट.

त्याच्या आईने आधी रविवारची उठायची वेळ बांधली, सातच्या पुढे नाही. "बिचाऱ्याला एक दिवस तरी झोपू दे," म्हणून आजी रागावल्या, पण रविवारी लवकर उठल्याने रात्री झोप आपोआप लवकर आली. मग झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घेत ती साडेनऊवर आणली. नवाला घरातले सगळे मोबाइल, वडिलांचासुद्धा, स्वयंपाकघरात. मधल्या सुट्टीत डबा वर्गाऐवजी मैदानात. महिन्याभरात सोमवारचं दुखणं विरळ झालं. नवरात्रात गरब्याच्या रात्रींनंतर ते परत आलं, आणि वही असल्यामुळे का आलं हेही कळलं.

दृष्ट काढायला माझी एवढ्यासाठीच हरकत आहे की तासाभराने मूल बरं होतं ते झोपेमुळे, श्रेय मिरच्यांना जातं आणि खरं कारण तसंच राहतं.

काही डोकेदुखींत मात्र वही भरत बसायचं नाही. दुखण्याने मूल झोपेतून जागं होत असेल, सकाळी उठल्याउठल्या वारंवार उलट्या होत असतील, खोकल्याने किंवा आडवं झाल्याने दुखणं वाढत असेल, चाल अडखळत असेल, दोन-दोन दिसत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा. ताप येऊन मान ताठ झाली असेल, तर त्याच क्षणी. ॲस्पिरिन मुलांना घरच्या घरी देऊ नये. इतर साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ पोटात जात राहिल्या, तर त्यांच्यामुळेच डोकं दुखू लागतं. म्हणून वहीत गोळीचाही एक रकाना ठेवा.